पोटात बाळ आहे म्हणून टीबीच्या गोळ्या बंद करू नकोस

अगं, सासूबाई म्हणाल्या म्हणून गोळ्या थांबवू नकोस. बाळाला खरा धोका उपचार न झालेल्या टीबीचा आहे. नेहमीच्या चार औषधांचा सहा महिन्यांचा कोर्स गरोदरपणातही चालतो. टाळायचं ते स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन, त्यानं बाळाच्या कानांवर परिणाम होऊ शकतो. औषधांना दाद न देणारा टीबी असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे तज्ज्ञच हवा.

आयसोनियाझिडबरोबर बी-सिक्सची गोळी मिळते ना? नसेल तर मागून घे.

इथे इंदूरला माझ्या भाचेसुनेला चौथ्या महिन्यात कोर्स सुरू झाला. लघवी नारिंगी झाली म्हणून घरभर घाबरगुंडी! तो रिफॅम्पिसिनचा रंग, निरुपद्रवी. पुढे मात्र पोह्यांचा वाससुद्धा नकोसा झाला, उलट्या थांबेनात. सगळे म्हणाले, डोहाळे. पण डोळे पिवळसर दिसले म्हणून त्याच दिवशी दाखवलं, तर यकृतावर सूज. डॉक्टरांनी गोळ्या थांबवून, तपासण्या सुधारल्यावर एकेक करून परत सुरू केल्या. तसं काही दिसलं तर तूही वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव.

बाळंतपणाआधी डॉक्टरांना गोळ्यांचं सांग, बाळाला व्हिटॅमिन केचं इंजेक्शन लागतं. अंगावर दूध पाजायचंच, औषध दुधात अगदी थोडं उतरतं. थुंकीत जंतू असतील तोवर मास्क लावून पाज. बाळाला टीबी नाही ना हे तपासून, बालरोगतज्ज्ञ त्यालाही प्रतिबंधक आयसोनियाझिड वजनानुसार देतात. बीसीजी कधी टोचायची तेही त्यांनाच विचार.