एफएफक्यू आणि डाएट रेकॉर्डमधली मासळी जुळत नाही

प्रश्न: मडगावच्या क्लिनिकसाठी एफएफक्यू, म्हणजे कुठला पदार्थ किती वेळा खाता हे विचारणारा फॉर्म, बनवलाय, पण मासळीचं उत्तर ३ दिवसांच्या डाएट रेकॉर्डशी जुळतच नाही, काय चुकलं?

रेकॉर्ड कधी भरून घेतले ते बघा आधी. गोव्यात जून-जुलै ट्रॉलर बंद, शिवाय बऱ्याच घरांत सोमवारी शिवराक म्हणजे शाकाहारी जेवण, आणि एफएफक्यू विचारतो वर्षभराचं, म्हणजे जुलैतले सोम-मंगळ-बुध पकडले तर माणूस खरं सांगूनही चुकीचा ठरतो. रेकॉर्ड पावसाळ्यात आणि हिवाळ्यात असे दोनदा घ्या, त्यात रविवार हवाच. प्रश्नही तोडा: एरवी आठवड्यात किती वेळा, बंदीत किती वेळा. एरवी ४, बंदीत १ म्हटलं तर (४×१०+१×२)/१२ म्हणजे साडेतीन. सुक्या मासळीची ओळ वेगळी ठेवा. आणि नुसत्या कोरिलेशनवर थांबू नका हां, सगळ्यांनी दुप्पट सांगितलं तरी ते छानच येतं, दोन्ही उत्तरांतला फरक त्यांच्या सरासरीसमोर मांडणारा ब्लँड-आल्टमन प्लॉट काढा, त्यात तो फरक लगेच दिसतो.