हर्मिट आणि एट ऑफ कप्स एकत्र आली म्हणजे तो निघालाच, असं नाही

प्रश्न: «माझा पार्टनर तीन आठवड्यांपासून गप्प आहे. फोन उचलतो, पण दोन वाक्यांत ठेवतो. त्याच्या मनात काय आहे म्हणून तीन वेळा टॅरो कार्डं काढली, त्यात दोनदा हर्मिट आणि एट ऑफ कप्स एकत्र आली. तो माझ्यापासून दूर जातोय की त्याला नुसता एकांत हवाय? कसं ओळखायचं?»

तुमची पोस्ट वाचून मला माझीच एक जुनी रात्र आठवली, म्हणून जरा लांबण लावून लिहिते. आधीच सांगते, मी पैसे घेऊन रीडिंग करत नाही. गेली अनेक वर्षं स्वतःसाठी आणि जवळच्या चारदोन जणींसाठी कार्डं मांडते, तेवढाच माझा अधिकार. आणि समोर नसलेल्या माणसाचं मन कार्डांतून वाचता येतं यावर माझा आता विश्वास नाही. तुमच्यापर्यंत त्याचं काय पोचतंय, एवढंच कार्डं दाखवतात असं माझं मत आहे. बऱ्याच जणांना हे पटत नाही, हेही मला माहीत आहे.

ही जोडी घाबरवते, कारण दोन्ही चित्रांत एकटा माणूस आहे, अंगावर झगा, हातात काठी, भोवती डोंगर. पटकन बघितलं की एकाच गोष्टीचे दोन प्रसंग वाटतात: आधी एकटा बसला, मग उठून गेला. मीही तसंच वाचलं होतं. पण चित्रं शेजारी ठेवून शांतपणे बघा. मी १९०९ च्या रायडर-वेट डेकबद्दल बोलतेय, पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेल्या. हर्मिट चालत नाहीये. तो शिखरावर पोचून थांबलाय, मान खाली आहे आणि हातातला कंदील त्याने समोर धरलाय. हा डेक आखणारे वेट यांनी स्वतःही या दिव्याचा अर्थ मागून येणाऱ्यांसाठीची खूण असाच लावला आहे: मी जिथे आहे तिथे तुम्हीही येऊ शकता. एट ऑफ कप्समधल्या माणसाकडे दिवा नाही. रात्र आहे, वर चंद्र आहे, आणि त्याची पाठ आपल्याकडे आहे. त्याच्या मागे आठ पेले नीट रचलेले आहेत, खाली पाच आणि वर तीन, आणि वरच्या ओळीत एका पेल्याची जागा रिकामी दिसते. फाइव्ह ऑफ कप्ससारखं इथे काही सांडलेलं नाही. सगळं शाबूत आहे, तरी काहीतरी कमी आहे, म्हणून तो निघालाय.

म्हणजे एकाने जगापासून अंतर घेतलंय, पण दिवा लावून ठेवलाय. दुसरा एका ठरावीक गोष्टीकडे पाठ करून निघालाय. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर या फरकातच आहे. एकांत घेणारा माणूस सगळ्यांपासूनच घेतो, आणि निघून जाणारा कशापासून तरी निघतो. त्यामुळे पुन्हा कार्डं काढण्याआधी एवढं बघा: तो फक्त तुमच्याशीच गप्प आहे, की मित्रांशी, भावंडांशी, ऑफिसातल्या लोकांशीही? इतरांत मोकळा, हसताबोलता आणि फक्त तुमच्या फोनवर दोन वाक्यं असतील, तर एट ऑफ कप्सला जास्त वजन द्या. सगळ्यांशीच दोन वाक्यं असतील तर हर्मिटला. तुम्ही लिहिलंय की तो फोन उचलतो. ही गोष्ट लहान नाही. कंदील विझलेला नाही, असं मी ते वाचीन.

आता माझी चूक सांगते. माझ्या नवऱ्याचे वडील गेले, त्यानंतरच्या दोन महिन्यांतली गोष्ट. तो संध्याकाळी एकटाच फिरायला जायचा, आल्यावर खोलीचं दार लोटून बसायचा. एका रात्री एक वाजता मी कार्डं पिसली आणि विचारलं, «हा मला सोडून जाणार आहे का?» तीन कार्डं काढली, पण कुठलं कार्ड कुणासाठी हे आधी ठरवलंच नव्हतं. डावीकडे एट ऑफ कप्स, मधे हर्मिट, उजवीकडे फोर ऑफ पेंटॅकल्स. मला हवं तसं उत्तर येईना म्हणून क्लॅरिफायर, म्हणजे आधीच्या कार्डाचा अर्थ स्पष्ट करायला वर काढायची जादा कार्डं, काढत गेले. एकावर एक सात काढले. सातवं थ्री ऑफ स्वोर्ड्स आलं, तलवारी आरपार गेलेल्या हृदयाचं कार्ड, आणि मी तिथेच थांबले, कारण माझी भीती खरी ठरली होती. आज वाटतं, ती सात कार्डं एका प्रश्नाची नव्हतीच, माझ्या घाबरण्याची होती. एकाच प्रश्नावर एकाच रात्री कार्डं काढत राहिलं की ७८ पानांतून भीतीचं पान कधीतरी येणारच.

तरी तेवढ्यावर निभावलं असतं. दुसऱ्या दिवशी मी पैसे भरून एका ऑनलाइन सेवेकडे रीडिंग घेतलं. नाव घेत नाही. त्यांनी माझ्या मांडणीचा फोटो बघितला आणि दहा मिनिटांत सांगितलं, एट ऑफ कप्समध्ये चंद्र आहे, चंद्र म्हणजे लपवाछपवी, बाहेर कुणीतरी आहे. घरात नुकताच मृत्यू झालाय का, एवढं एक वाक्यही कुणी विचारलं नाही. वर २१ दिवसांचा उपाय दिला आणि अट घातली की या दिवसांत त्याच्याशी स्वतःहून बोलायचं नाही, त्याने विषय काढला तरी टाळायचं. आणि मी ते पाळलं. मला आजही सगळ्यात जास्त सलतं ते हेच. त्या २१ दिवसांत तो दोनदा माझ्याजवळ येऊन बसला होता. एकदा तर वडिलांचं जुनं घड्याळ हातात घेऊन आला होता. दोन्ही वेळा मी उठून दुसऱ्या खोलीत गेले. नंतर कधीतरी तो म्हणाला, «मला वाटलं, आता तुलाच माझ्यात रस उरला नाही.»

पेले मागे ठेवून निघालेली मी होते. जागा न ठरवता कार्डं मांडली की हेच होतं. आपण गृहीत धरतो की चालणारा तो आणि मागे राहिलेले पेले म्हणजे आपण. ते कार्ड आपलंही असू शकतं, हे सुचतच नाही.

त्या मांडणीचा फोटो माझ्याकडे अजून आहे. आज मी ती अशी वाचते. एट ऑफ कप्स आधी, हर्मिट नंतर. डावीकडून उजवीकडे क्रम धरला तर काहीतरी आधीच सुटलंय, आणि त्यानंतर माणूस थांबून त्याचा विचार करतोय. ते सुटलेलं म्हणजे मीच, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. वेट यांच्या अर्थातसुद्धा या कार्डात सोडलेली गोष्ट सुख, उद्योग किंवा आधीची एखादी आस्था, यातली कुठलीही असू शकते. त्याच्यासाठी ती वडिलांसोबतचं आयुष्य होती. शिवाय या डेकमध्ये हर्मिटचं तोंड आपल्या डावीकडे आहे, म्हणजे त्या मांडणीत तो पेल्यांकडेच बघत होता, कंदीलही तिकडेच होता. फोर ऑफ पेंटॅकल्स म्हणजे जे उरलंय ते छातीशी घट्ट धरणं. सोडून जाणाऱ्या माणसाचं हे कार्ड नाही. क्रम उलटा असता, आधी हर्मिट, मग एट ऑफ कप्स, तर मी जरा सावध झाले असते: बराच विचार झालाय आणि आता पाऊल उचललं जातंय. नजरेच्या दिशेवर मात्र सगळा भार टाकू नका. वेगळ्या डेकमध्ये चित्र वेगळं असतं, आणि मार्सेल डेकमध्ये एट ऑफ कप्सवर माणूसच नसतो, नुसते आठ पेले असतात.

ज्यांना राशी बघायला आवडतं त्यांच्यासाठी: गोल्डन डॉन या जुन्या गूढविद्या मंडळाच्या पद्धतीत हर्मिटला कन्या रास आहे आणि एट ऑफ कप्सला मीनेतला शनी. कन्या आणि मीन राशीचक्रात समोरासमोर येतात. म्हणून मी ही जोडी ‘आधी हे, मग ते’ अशी न वाचता एकाच दोरीची दोन टोकं म्हणून वाचते, आणि माणूस आज कुठल्या टोकाजवळ आहे ते आजूबाजूच्या कार्डांवरून बघते. शेजारी फोर ऑफ स्वोर्ड्स असेल तर विश्रांतीकडे, सिक्स ऑफ स्वोर्ड्स असेल तर प्रवासाकडे. हे माझं मत, कुणी वेगळं शिकवलं असेल तर तेही चुकीचं म्हणणार नाही.

तुम्ही तीन वेळा एकच प्रश्न विचारलाय, तर आता निदान दोन आठवडे थांबा. मग मांडायचंच असेल तर चार जागा आधी कागदावर लिहून ठेवा: तो आत्ता मला कसा दिसतोय, मी आत्ता कशी वागतेय, आमच्यामधे काय सुटलंय, आणि मी काय करू शकते. एका जागेवर एकच कार्ड, क्लॅरिफायर नाही. एट ऑफ कप्स दुसऱ्या जागेवर आलं तर कृपया स्वतःकडे बघा, या तीन आठवड्यांत तुम्ही कशापासून पाठ फिरवलीत ते. तिसऱ्या जागेवर आलं तर ती पेल्याची रिकामी जागा शोधा. कधीकधी ती खूप साधी असते, रोजच्या गप्पा सुटलेल्या असतात. पहिल्या जागेवर आलं आणि वर सांगितलेली परीक्षाही त्याच बाजूला गेली, म्हणजे तो इतरांत मोकळा आहे, पुढच्या बेतांतून तुमचं नाव गळतंय, त्याच्या वस्तू एकेक करून निघताहेत, तर मग एकांत एकांत म्हणून स्वतःची समजूत घालू नका.

दोन्ही बाबतींत विचारायचं ते त्यालाच विचारा, आणि प्रश्न असा ठेवा की त्याला दिवस सांगता येईल. «तू मला सोडतोयस का?» यावर गप्प माणूस आणखी गप्प होतो. मी आता असं म्हणते: «तुला शांतता हवी असेल तर घे, मी फोन करणार नाही. पुन्हा कधी बोलू ते मात्र सांग.» एकांत हवा असणारा बहुतेक वेळा काहीतरी मुदत सांगतो, रविवारी बोलू, महिनाअखेर बघू. निघालेल्या माणसाला तारीख सांगणं जड जातं. हा नियम नाही, खूप खचलेल्या माणसालाही तारीख सांगता येत नाही. तो जेवत-झोपत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर कार्डं बाजूला ठेवा, त्याच्या घरच्यांना सांगा आणि डॉक्टर गाठा. ते काम हर्मिटचं नाही.

आणि तुमच्याकडे त्या दोन मांडण्यांचे फोटो असतील तर कुठलं कार्ड डावीकडे होतं ते इथे लिहा. दोन्ही वेळा क्रम तोच होता का, हेही.