केसांना रंग लावते, पण भुवया पांढऱ्याच दिसतात. घरच्या घरी भुवया रंगवायच्या तर कोणता शेड घ्यावा आणि रंग डोळ्यात जाऊ नये म्हणून काय करावं?

डोक्याला लावता त्याच डायची वाटी भुवयांपर्यंत नेऊ नका. बाकी सगळं नंतर. आधी माझं ऐका.

चार वर्षांपूर्वी पुतण्याचं लग्न होतं. लग्न रविवारी. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही चौघी बायका थोरल्या जाऊबाईंच्या मागच्या अंगणात डाय लावत बसलो होतो. माझं डोकं झालं, वाटीत चमचाभर उरलं. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, टाकतेस कशाला? भुवयांना लाव. मी पंधरा वर्षं लावतेय, काही होत नाही." मी जुन्या टूथब्रशने लावलं आणि पंधरा मिनिटांनी धुतलं. रंग सुरेख बसला, खोटं कशाला बोलू.

शनिवारी हळदीला भुवया चुरचुरायला लागल्या. वाटलं, हळद लागली असेल. रात्री झोपताना वरच्या पापण्या जड झाल्या होत्या. रविवारी सकाळी उजवा डोळा उघडेना, डावा जेमतेम फटीएवढा. भुवयांवर बारीक पाण्याचे फोड आणि त्यातून पिवळट पाणी पाझरत होतं. त्या लग्नाच्या मोठ्या फोटोत मांडवात एकटी मीच काळा गॉगल लावून उभी आहे. तो फोटो जाऊबाईंच्या हॉलमध्ये आहे. आल्या-गेल्याला त्या सांगतात, हिचे तेव्हा डोळे आले होते.

डोळे आले नव्हते. सूज उतरल्यावर काही आठवड्यांनी त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर पॅच टेस्ट केली. छोट्या पट्ट्या चिकटवून दोन दिवस पाठ भिजू द्यायची नाही, पट्ट्या काढल्यावर पुन्हा एकदा बघायचं. पीपीडीचा चौकोन लालभडक, फोडासकट. पीपीडी म्हणजे बहुतेक काळ्या डायमध्ये असतो तो रंग. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काळी मेंदी कधी काढली होती का?" काढली होती. जत्रेत, हातावर वेलबुट्टी. आठवडाभर ती उठून आली होती आणि खाजत होती, मी विसरूनही गेले होते. काळी मेंदी ही मेंदी नसतेच, तिचा काळेपणा बऱ्याचदा पीपीडीचाच असतो. एकदा अंगाने त्याच्याशी वैर धरलं की ते जन्मभराचं. म्हणून "मी पंधरा वर्षं लावतेय" याला काही अर्थ नाही. दहा वेळा काही न होता अकराव्यांदा होऊ शकतं. शिवाय त्रास लगेच होत नाही, एक-दोन दिवसांनी उठतो, त्यामुळे माणूस दोष हळदीला देतो किंवा आदल्या दिवशीच्या वांग्याला. आमच्याकडे वांग्यालाही दिला गेला.

आणि हे काही गुपित नाही. अशा डायच्या खोक्यावर छापलेलंच असतं की पापण्या किंवा भुवया रंगवायला वापरू नका, अंधत्व येऊ शकतं. भारतात तसं छापणं कायद्यानेच सक्तीचं आहे. १९३३ साली अमेरिकेत पापण्या-भुवया रंगवायचा 'लॅश ल्युअर' नावाचा असाच रंग निघाला होता. त्याने बायकांची दृष्टी गेली, एक बाई दगावलीसुद्धा. तिकडचा सौंदर्यप्रसाधनांचा १९३८ चा कायदा व्हायला जी प्रकरणं कारण ठरली त्यांत हे एक.

आता शेडचं. मी स्वतः रंग लावत नाही, ब्रशने तपकिरी पावडर भरते. पण धाकटी बहीण खास भुवयांसाठी मिळणारा टिंट लावते आणि मी शेजारी घड्याळ धरून बसते, म्हणून माहीत आहे. केस काळे असले तरी भुवयांना काळा नको. भुवईचे केस आखूड, खालची कातडीही रंग धरते, त्यामुळे काळा लावला की कोळशाने रेघ ओढल्यासारखं दिसतं. काळ्या केसांना गडद तपकिरी, तपकिरी केसांना त्याहून एक घर फिकट. केस पांढरेच ठेवले असतील तर राखाडीकडे झुकणारा तपकिरी. मेंदीने केस लाल झाले असतील तर भुवया त्याला जुळवू नका, लाली नसलेला साधा तपकिरी घ्या. मेळ बघायचा तो मुळांशी, टोकांशी नाही, कारण टोकं उतरलेली असतात. आणि खिडकीशी उजेडात बघा, बाथरूमच्या पिवळ्या दिव्यात सगळेच तपकिरी छान दिसतात.

बहिणीची गंमत अशी की तिच्या भुवयांत पांढरे केस जास्त, आणि पांढरा केस रंग उशिरा घेतो, कातडी मात्र लगेच. पहिल्या वेळी पांढरे झाकायचे म्हणून दहा मिनिटं ठेवलं, तर केस तपकिरी आणि कातडी काळपट झाली. तीन दिवस ती टिकली मोठी लावून लोकांचं लक्ष तिकडे वळवत होती. आता तीन मिनिटांनी थोडं पुसून बघतो, लागलं तर आणखी दोन. सुरुवात कानाकडच्या टोकापासून, नाकाकडचा भाग शेवटी, कारण तिथले केस विरळ असतात आणि तिथे गडद झालं की चेहरा रागीट दिसतो.

डोळ्यात न जाण्याचं म्हणाल तर निम्मं काम घट्टपणाचं. टिंटबरोबर येतं तेच डेव्हलपर, कागदावर लिहिलंय तेवढंच. मिश्रण दह्याच्या चक्क्यासारखं हवं, ओघळणारं नको. भुवईभोवती कातडीला व्हॅसलिन लावायचं, केसांना नाही, नाहीतर रंगच बसत नाही. लेन्स काढून ठेवायच्या, ताठ बसायचं, डोळे मिटलेले, आणि लावणारी दुसरी बाई असली तर उत्तम. धुवायचं नाही! ओला करून पिळलेला कापूस घेऊन नाकाकडून कानाकडे पुसायचं. तोंडावर पाणी मारलं की उरलेला रंग सरळ डोळ्यात जातो.

हे आधी सांगायला हवं होतं: कानामागे मिश्रणाचा ठिपका देऊन दोन दिवस थांबा, दर वेळी, जुन्या ट्यूबलासुद्धा. थ्रेडिंग केलं त्या दिवशी तर लावूच नका, कातडी सोललेली असते. काळ्या मेंदीने किंवा डायने कधीही खाज उठली असेल तर माझ्यासारखी पावडर घ्या, "भुवयांसाठीचा" म्हणून विकतात त्या टिंटमध्येही पीपीडीची भावंडं असू शकतात.

आणि गेलाच डोळ्यात, तर नळाच्या स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं धुवत राहा, मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. चोळायचं नाही, गुलाबपाणी घालायचं नाही. माझ्या डोळ्यांत त्या रविवारी घातलं होतं, जाऊबाईंच्याच कपाटातलं.