फोटोसिंथेसिसची फॅक्टरी: लाइट घालवली की कोणत्या डिपार्टमेंटमध्ये काय साचतं?

प्रश्न: पुढच्या आठवड्यात अकरावीला फोटोसिंथेसिसच्या स्लाइड्स घ्यायच्या आहेत. लाइट रिॲक्शन आणि कॅल्विन सायकल मुलं नेहमी एकत्र कालवतात. दोन डिपार्टमेंटची फॅक्टरी म्हणून सांगितलं तर जमेल का, आणि कसं सांगू?

उत्तर:

जमेल. मी नागपुरात अकरावी-बारावीची बायोलॉजीची ट्यूशन घेते आणि बरीच वर्षं हे असंच शिकवते, फक्त एक गोष्ट अनुभवानं बदलली. आधी मी एक स्लाइड पहिल्या डिपार्टमेंटची, एक दुसऱ्याची अशी घ्यायची, मुलं दोन्ही पाठ करायची आणि पेपरात परत सगळं कालवायची, कारण दोघांच्या मधे काय जातं-येतं हे त्यांना दिसलेलंच नसायचं. म्हणून आता मी पहिली स्लाइड त्या मधल्या देवाणघेवाणीचीच ठेवते.

त्यासाठी गॅस सिलिंडर घ्या. रिकामं दिल्याशिवाय भरलेलं मिळत नाही हे प्रत्येक मुलाला घरून माहीत असतं. एटीपी म्हणजे भरलेलं सिलिंडर, एडीपी म्हणजे रिकामं. तसाच दुसरा एक संत्र्याचा क्रेट काढा, भरलेला क्रेट एनएडीपीएच, त्यातला माल म्हणजे हायड्रोजन आणि इलेक्ट्रॉन, आणि रिकामा क्रेट एनएडीपी. पहिलं डिपार्टमेंट म्हणजे लाइट रिॲक्शन, ते थायलाकॉइडमध्ये, तिथे उजेडाच्या जोरावर पाणी फुटतं, ऑक्सिजन बाहेर जातो, सिलिंडर आणि क्रेट भरले जातात. दुसरं डिपार्टमेंट म्हणजे कॅल्विन सायकल, ते स्ट्रोमामध्ये, तिथे हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि हे भरलेले सिलिंडर-क्रेट वापरून साखरेचा कच्चा माल तयार होतो, आणि रिकामे परत पाठवले जातात. बस, मधून एवढंच जातं-येतं. ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून निघतो असं लिहिणारी मुलं दर वर्षी भेटतात, त्यांना एवढंच विचारा की कार्बन डायऑक्साइड कोणत्या डिपार्टमेंटमध्ये येतो आणि ऑक्सिजन कुठून निघतो, ती स्वतःच दुरुस्त करतात.

एक काळजी घ्या, स्लाइडवर दोन वेगळ्या बिल्डिंगी काढू नका. थायलाकॉइड स्ट्रोमामध्येच बुडालेले असतात आणि एटीपी, एनएडीपीएच दोन्ही स्ट्रोमाच्या बाजूलाच तयार होतात. म्हणजे दुसऱ्या डिपार्टमेंटच्या मोठ्या हॉलमध्येच पहिल्याच्या मशीन मांडल्यात असं काढा.

आता खरी मजा. दुसऱ्या डिपार्टमेंटचं काम तीनच वाक्यांत सांगा: पाच कार्बनवाला आरयूबीपी एक कार्बन डायऑक्साइड पकडतो (पकडून देणारा कामगार म्हणजे रुबिस्को), त्याचे तीन कार्बनवाले दोन पीजीए होतात, आणि पीजीएवर सिलिंडर आणि क्रेट खर्च करून साखरेचा तीन कार्बनवाला तुकडा बनतो. त्यातले बहुतेक तुकडे परत आरयूबीपी करायला लागतात, त्यालाही सिलिंडर लागतात. आता वर्गाला विचारा, अचानक लाइट गेली तर पीजीए वाढेल की कमी होईल? आणि आरयूबीपी?

लगेच उत्तर देऊ नका, पाच मिनिटं भांडू द्या. माझ्या वर्गात अर्धी मुलं म्हणतात सगळंच थांबेल. पण बघा, आरयूबीपीनं कार्बन डायऑक्साइड पकडायला सिलिंडर लागत नाही, क्रेटही लागत नाही, म्हणून लाइट गेल्यावरही उरलेला आरयूबीपी थोडा वेळ पीजीए बनवत राहतो. पुढे मात्र पीजीएची साखर करायला सिलिंडर-क्रेट हवेत, ते काही सेकंदांत संपतात कारण पान त्यांचा साठा करतच नाही, म्हणून पीजीए साचतो आणि आरयूबीपी घटतो, कारण नवीन बनत नाही. आता उलटं करा, लाइट चालू ठेवा आणि कार्बन डायऑक्साइड बंद करा: पकडायला काही नाही म्हणून आरयूबीपी साचतो आणि पीजीए घटतो. हे नुसतं कागदावरचं नाही, अमेरिकेत बर्कलेला कॅल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेवाळाला किरणोत्सारी कार्बन देऊन, लाइट घालवून आणि कार्बन डायऑक्साइड कमी करून अगदी हेच मोजलं आणि त्यातूनच सायकलचा क्रम पक्का झाला. कॅल्विनना 1961 चं केमिस्ट्रीचं नोबेल या कामासाठी मिळालं. माझ्या मते सगळ्या धड्यात शिकवण्यासारखी ही एक गोष्ट आहे, कारण ज्याला हे दोन उलटे निकाल सांगता येतात त्याला दोन्ही डिपार्टमेंट कळलेले असतात.

याच जागी तुमच्या स्लाइडवर कुठे "डार्क रिॲक्शन" लिहिलं असेल तर खोडा. मुलं त्याचा अर्थ रात्री चालणारी असा घेतात. रात्री सिलिंडर भरणारं कोणी नसतं, शिवाय दुसऱ्या डिपार्टमेंटचे काही एन्झाइम उजेडामुळेच चालू होतात.

हिशोब एकाच ओळीत घ्या. तीन कार्बन डायऑक्साइड आत आले तर तीन आरयूबीपीसोबत मिळून सहा पीजीए होतात, त्यांचे सहा तुकडे, त्यासाठी 6 सिलिंडर आणि 6 क्रेट. त्यातला एकच तुकडा फॅक्टरीबाहेर जातो, बाकी पाच तुकड्यांचे (पंधरा कार्बन) परत तीन आरयूबीपी, त्याला आणखी 3 सिलिंडर. एकूण 9 एटीपी, 6 एनएडीपीएच. कार्बन मोजायला मुलांनाच लावा, पंधरा अधिक तीन बरोबर अठरा जुळले की त्यांना बरं वाटतं. ग्लुकोजसाठी सगळं दुप्पट करायचं, आणि इथे हेही सांगून टाका की सायकलमधून थेट ग्लुकोज निघत नाही, हा तीन कार्बनचा तुकडा निघतो आणि त्यापासून पुढे सुक्रोज किंवा स्टार्च बनतो.

शेवटच्या स्लाइडला मी आपला मे महिना घेते. दुपारी दोन वाजता, पारा 45 च्या आसपास, संत्र्याच्या बागेत ऊन कडक आहे म्हणजे पहिल्या डिपार्टमेंटला वीज भरपूर. पण पाणी वाचवायला पानाची रंध्रं बऱ्यापैकी मिटलेली, म्हणजे कार्बन डायऑक्साइड कमी. दुसरं डिपार्टमेंट मंदावलं, रिकामी सिलिंडरं आणि क्रेट परत येणं कमी झालं, मग पहिल्याकडे भरायला रिकामं काही नाही आणि ऊन तर पडतंच आहे. जास्तीची ऊर्जा पान उष्णता म्हणून सोडून देतं, तेवढ्यानं भागलं नाही तर पाणी फोडणाऱ्या मशीनचाच एक भाग खराब होतो आणि तो बदलून नवीन बसवावा लागतो. मुलांना विचारा, एवढ्या उन्हात साखर कमी का बनतेय? जे मूल "रिकामे क्रेट परत येत नाहीत म्हणून" असं म्हणेल त्याला पुढे बोलावून बोर्डावर ते चित्र काढायला लावा, बाकीच्यांना त्याच्याकडून ऐकू द्या.