फर्म बदलली, नाव बदललं: ग्राहक आणि पुरवठादारांना काय कळवायचं?

*प्रश्न: लातूरला माझी एकमालकी फर्म आहे. आता धाकट्या भावाला घेऊन भागीदारी करतोय, नावही बदलतंय. गिऱ्हाइकांना आणि माल देणाऱ्यांना नेमकं काय आणि कधी कळवू? व्हॉट्सअ‍ॅपवर नवीन जीएसटी नंबर टाकला तर भागेल का?*

नाही भागत. मी टाकून बघितलेला आहे. शंभर जणांना मेसेज गेला, नव्वद जणांनी अंगठा दाखवला, आणि पुढच्या महिन्यात निम्मी बिलं जुन्याच नंबरावर आली.

आमचं वाळूज एमआयडीसीत सीएनसी टर्निंगचं छोटं वर्कशॉप आहे. २०२५ च्या एप्रिलपर्यंत ते माझ्या एकट्याच्या नावावर होतं. मग भाऊ आत आला आणि भागीदारी फर्म झाली. वडिलांना पाडव्याचा मुहूर्त हवा होता. त्या वर्षी पाडवा ३० मार्चला, रविवारी आला. सीए म्हणाले, पूजा पाडव्याला करा, पहिलं बिल १ एप्रिलला फाडा. तसंच केलं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, म्हणजे पत्रात काय लिहायचं ते आपोआप कळेल. तुमचं नुसतं नाव बदलत नाहीये, माणूसच बदलतोय. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्र २७) आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. एकमालकी फर्मला तुमचा स्वतःचा पॅन चालतो, त्याचं चौथं अक्षर पी असतं. भागीदारी फर्मला वेगळा पॅन मिळतो, त्यात ते अक्षर एफ येतं. पॅन बदलला की जीएसटी नंबर दुरुस्त होत नाही, नवीनच घ्यावा लागतो. तुम्ही एकटेच राहून दुकानाचं नाव तेवढं बदललं असतं, तर पोर्टलवर दुरुस्तीचा अर्ज केला की काम झालं असतं. नंबर तोच, पॅन तोच, गिऱ्हाइकाला दोन ओळींचं पत्र पुरलं असतं. तुमचं तसं नाही. कायद्याच्या नजरेत एक दुकान बंद होतंय आणि त्याच जागेत दुसरं उघडतंय.

म्हणून पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ नवीन नंबराची नाही, तारखेची आहे. कोणत्या दिवसापर्यंतचं जुन्या फर्मचं, कोणत्या दिवसापासूनचं नव्या फर्मचं, आणि ही वाटणी बिलाच्या तारखेवर होते, पैसे कधी आले त्यावर नाही. मार्चच्या बिलाचे पैसे जूनमध्ये आले तरी ते जुन्या फर्मचे, जुन्याच खात्यात. माझ्या पहिल्या मेसेजमध्ये ही ओळ नव्हती. एका कंपनीच्या अकाउंट्सवाल्या पोरीने फोन करून विचारलं, "सर, फेब्रुवारीचं पेमेंट कुठल्या खात्याला टाकू?" तेव्हा चूक लक्षात आली. मग लेटरहेडवर जे पत्र काढलं, त्याचा गाभा असा होता:

> आमची एकमालकी फर्म (जुनं नाव, जुना जीएसटी नंबर) हिचा व्यवसाय १ एप्रिल २०२५ पासून भागीदारी फर्म (नवीन नाव, नवीन जीएसटी नंबर, नवीन पॅन) पुढे चालवत आहे. ३१ मार्च २०२५ पर्यंतच्या तारखेची सर्व बिलं जुन्या फर्मची असून त्यांचं पेमेंट जुन्या खात्यातच करावं. १ एप्रिलपासूनची बिलं नवीन फर्मची असून त्यांचं पेमेंट सोबतच्या नवीन खात्यात करावं. कृपया जुन्या खातेवहीत बदल करू नये, नवीन फर्मचं वेगळं खातं उघडावं. बँक खात्याची खात्री तुमच्याकडे आधीपासून असलेल्या आमच्या नंबरवर फोन करून घ्यावी.

खाली दोन्ही फर्मचे शिक्के आणि सह्या घ्या. सोबत जीएसटीचं प्रमाणपत्र, नवीन पॅन, नवीन खात्याचा रद्द केलेला चेक आणि उद्यम प्रमाणपत्र जोडा. उद्यमही नवीन फर्मच्या नावाने नवीनच लागतं.

शेवटची ओळ उगीच नाही. "आमचा बँक नंबर बदलला" अशा खोट्या मेलवर लाखो रुपये गेलेले आहेत, त्यामुळे शहाणा अकाउंटंट असं पत्र आलं की संशयच घेतो, आणि घ्यावाच. त्याने फोन करावा म्हणून तुम्हीच सांगितलं तर त्याचा विश्वास बसतो. आता नेट बँकिंगवर एनईएफटी-आरटीजीएस करण्याआधी खातेदाराचं नाव दिसण्याची सोयही आहे. पत्रात "अँड सन्स" आणि बँकेत "& Sons" इतका फरक असला तरी कोणीतरी पेमेंट अडवून धरतो. पॅनवर जसं नाव आहे अगदी तसंच जीएसटीवर, बँकेत आणि पत्रात असू द्या.

आता त्या "जुन्या खातेवहीत बदल करू नये" बद्दल, कारण सगळा घोळ इथेच होतो. समोरचा टॅलीत तुमचं लेजर उघडतो, नाव आणि जीएसटी नंबर बदलतो आणि सेव्ह करतो. त्याला वाटतं काम झालं. पण आता जुनी बाकी नव्या फर्मच्या नावावर दिसायला लागली. आमच्या एका गिऱ्हाइकाने याच्या उलट केलं. व्हेंडर कोड जुनाच ठेवून नाव आणि बँक तेवढी बदलली, पॅन तसाच राहिला. आमचं एप्रिलचं जॉबवर्कचं बिल २,४०,००० चं होतं. एकट्या माणसाला जॉबवर्कवर टीडीएस १ टक्का कापतात, भागीदारी फर्मला २ टक्के. त्यांनी २,४०० कापले आणि माझ्या वैयक्तिक पॅनवर भरले. कापायला हवे होते ४,८०० आणि फर्मच्या पॅनवर. पहिल्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न ३१ जुलैपर्यंत भरलं जातं, म्हणून हे आम्हाला कळलं थेट ऑगस्टमध्ये, २६एएस बघताना. त्यांना रिटर्नची दुरुस्ती भरावी लागली आणि त्यासाठी मला चार चकरा माराव्या लागल्या. पत्रात "नवीन व्हेंडर कोड द्या, टीडीएस नवीन पॅनवर कापा" हे स्पष्ट लिहिलं असतं तर वाचलो असतो.

मोठ्या कंपन्यांना माल देत असाल तर पीओचं पण बघा. पीओ जुन्या कोडवर आणि बिल नव्या फर्मचं असेल तर गेटवरच गाडी थांबते. आमची एक ऑर्डर २,००० नगांची होती. ३१ मार्चपर्यंत १,२०० गेले होते. उरलेल्या ८०० साठी जुनी पीओ तिथेच बंद करून नव्या कोडवर ८०० ची पीओ मागितली. नवीन कोड उघडायला त्यांना तीन आठवडे लागले. म्हणूनच पत्र एकदा नाही, दोनदा पाठवायचं. पहिलं महिनाभर आधी, नंबराशिवाय: "लवकरच फर्म बदलतेय, तुमचा व्हेंडर फॉर्म पाठवा." दुसरं, नंबर हातात आल्यावर. नंबर हाती येण्याआधी तारीख छापू नका. आमच्या अर्जावर जागेच्या संमतीपत्राबद्दल शंका काढली गेली होती आणि प्रमाणपत्र २४ मार्चला मिळालं. अजून आठवड्याहून जास्त लागलं असतं तर पत्रातली तारीख खोटी पडली असती.

पुरवठादारांकडे मात्र पत्रावर विसंबू नका. तुम्ही गिऱ्हाईक असता तेव्हा तुमचं पत्र फाईलला लागतं आणि काउंटरवरचा पोरगा जुन्याच नावाने बिल काढतो. आमच्या लोखंडी बारवाल्याने एप्रिलमध्ये तीन बिलं जुन्या नंबरावर फाडली. माल १,८०,००० चा, त्यावर १८ टक्क्यांनी जीएसटी ३२,४००. हे क्रेडिट जुन्या फर्मच्या २बी मध्ये गेलं असतं आणि नव्या फर्मला ते घेता आलं नसतं. नशिबाने महिनाअखेरीला बिलं लावताना वडिलांनी वरचा नंबर वाचला. पुरवठादाराचं त्या महिन्याचं जीएसटीआर-१ पुढच्या ११ तारखेपर्यंत जातं, त्याच्या आत सापडलं. त्याने जुन्या फर्मच्या नावे क्रेडिट नोट काढली आणि नव्या फर्मला नवीन बिलं दिली. रिटर्न भरून गेल्यावरही दुरुस्ती होते, पण मग पुरवठादाराच्या मागे लागावं लागतं आणि तोवर तुमचे पैसे अडकतात. तेव्हापासून गाडी उतरवण्याआधी बिलावरचा नंबर बघायचा, जुना असेल तर तिथेच फोन करायचा. ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइस २४ तासांच्या आतच रद्द होतात, त्यामुळे लगेच ओरडलेलं बरं.

कोण बदललं नाही हे शोधायची सोपी युक्ती: १४ तारखेला २बी येतं, तेव्हा नव्या नंबराचं बघून झालं की *जुन्या* नंबराचंही उघडा. १ एप्रिलनंतरच्या तारखेचं जे बिल तिथे दिसेल, त्या माणसाने तुमचं पत्र वाचलेलं नाही. जुन्या बँक खात्याचंही तसंच. नव्या बिलाचे पैसे तिथे आले तर गुपचूप नव्या खात्यात वळवू नका. गिऱ्हाइकाला कळवून लेखी घ्या आणि मग नोंद करून वर्ग करा, नाहीतर पुढच्या महिन्यातही तो तिथेच टाकणार. जुन्या नावाचा चेक नव्या खात्यात भरता येत नाही, म्हणून जुनं खातं घाईने बंद करायचं नाही. आमचं वर्षभर चालू होतं.

तुमच्या बिलांच्या क्रमांकालाही वेगळा उपसर्ग लावा. नव्या नंबरावर १ पासून सुरू करता येतं, पण गिऱ्हाइकाकडे तुमचं जुनं १ नंबरचं बिलही पडलेलं असतं आणि दोन्ही एकाच फाईलला लागतात.

राहिला जुना जीएसटी नंबर. धंदा थांबल्यापासून ३० दिवसांत रद्द करायचा अर्ज करावा लागतो. आमच्या जुन्या फर्मचं शेवटचं भंगार मेमध्ये विकलं, मग अर्ज केला. त्याआधी दोन कामं उरकून घ्या. एक, उरलेलं क्रेडिट आयटीसी-०२ भरून नव्या फर्मकडे न्या. त्याला सीएचं प्रमाणपत्र लागतं आणि भरताना जुना नंबर चालू असावा लागतो. दोन, गिऱ्हाइकांना सांगा की मार्चपर्यंतच्या मालातलं रिजेक्शन किंवा दरातला फरक असेल तो आत्ताच कळवा. नंबर रद्द झाला की जुन्या बिलावर क्रेडिट नोट काढता येत नाही. आमच्याकडे एकाने जुलैमध्ये ४० नग परत पाठवले. ते बदलून दिले, पण क्रेडिट नोट नाही निघाली, त्यावरचा जीएसटी आमच्याच अंगावर बसला.