नवीन व्हेंडरला कागदपत्रं मागताना कारण काय सांगायचं?

*प्रश्न: मी खरेदी विभागात नवीन आहे. एका व्हेंडरकडे नोंदणी, कर आणि बँकेची कागदपत्रं मागितली, तर तो म्हणाला, "माल मी देणार, पैसे तुम्ही देणार, मग माझीच एवढी चौकशी कशाला?" त्याला काय सांगू?*

"कंपनीची पॉलिसी आहे" एवढंच सांगू नका. मी पहिली दोन वर्षं तेच सांगत होतो आणि समोरचा माणूस दरवेळी बिथरायचा. प्रत्येक कागद कोणत्या कामाला लागतो ते सांगितलं, की बहुतेक जण त्याच दिवशी पाठवतात.

नोंदणीच्या दाखल्यापासून सुरुवात करा. आपण ऑर्डर कुणाला देतोय, हे त्यावरून ठरतं. पाटीवरचं नाव आणि कायदेशीर नाव बऱ्याचदा वेगळं असतं. पुढे वाद झाला तर करार कायदेशीर नावावरच उभा राहतो. पण नुसतं नाव जुळलं म्हणून फाइल बंद करू नका. गुगल आणि फेसबुक यांना तैवानची क्वांटा कॉम्प्युटर ही कंपनी हार्डवेअर पुरवत होती. लिथुआनियाच्या एका माणसाने लॅटव्हियात त्याच नावाची कंपनी नोंदवली, त्या नावाने बँकेत खाती उघडली आणि खोटी बिलं पाठवली. २०१३ ते २०१५ या काळात दोघांचे मिळून बारा कोटी डॉलरच्या आसपास त्या खात्यांत गेले. २०१९ मध्ये त्याला अमेरिकेत पाच वर्षांची शिक्षा झाली. गंमत म्हणजे इथे नोंदणी खरी होती आणि खात्यावरचं नावही बरोबर दिसत होतं. चुकीचा होता तो देश, आणि अर्थातच नोंदणी क्रमांक. म्हणून दाखल्यावरचा क्रमांक त्या देशाच्या सरकारी नोंदवहीत स्वतः शोधा. व्हेंडरने पाठवलेल्या लिंकवरून नको.

कराच्या कागदाचं कारण व्हेंडरला लवकर पटतं, कारण त्यात त्याचाही फायदा असतो. त्याने बिलात कर लावला असेल, तर त्याची वजावट आम्हाला मिळण्यासाठी तो करखात्याकडे नोंदलेला असावा लागतो. आणि जिथे पैसे देतानाच कर कापावा लागतो, तिथे कर क्रमांक नसेल तर कित्येकदा जास्त दराने कापावा लागतो. परदेशी व्हेंडर असेल, तर दोन देशांतल्या करारातला कमी दर लावायला तो कुठल्या देशाचा करदाता आहे याचा दाखला लागतो. "हा कागद दिला नाहीत तर तुमच्याच हातात कमी रक्कम पडेल," असं सरळ सांगा.

खरी कुरकुर होते ती बँकेच्या कागदावर. "खाते क्रमांक ईमेलमध्ये लिहिलाय की," असं म्हणतात. पण लिहिलेला क्रमांक कुणाचा आहे ते त्यावरून कळत नाही. अनेक देशांत IBAN हा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक वापरतात, त्यात देशाच्या अक्षरांनंतर दोन तपासणी अंक असतात. त्यांनी टायपिंगची चूक पकडता येते, खातेदार नाही. म्हणून नाव आणि क्रमांक दोन्ही छापलेलं बँकेचं पत्र किंवा रद्द केलेला चेक मागायचा. स्टेटमेंट देत असतील तर शिल्लक आणि व्यवहार झाकून द्या, असं आपणच सांगावं. आपल्याला ते बघायचं कारण नाही, आणि तसं म्हटल्यावर समोरचा निम्मा सैल पडतो.

माझ्याकडे एकदा असं झालं, की नोंदणी आणि कर कंपनीच्या नावावर, पण खातं एका भागीदाराचं वैयक्तिक. तो म्हणाला, "कंपनीही माझीच, खातंही माझंच." तो खोटं बोलत नव्हता. पण दुसऱ्या भागीदाराने उद्या "कंपनीला पैसे मिळालेच नाहीत" म्हटलं असतं, तर आमच्याकडे दाखवायला काही नव्हतं. तेच त्याला सांगितलं. त्याने कंपनीच्या नावे खातं उघडलं, बँकेचं पत्र आणलं आणि पहिलं बिल दहा दिवस उशिरा निघालं. मला साहेबांची बोलणी बसली, ती वेगळी.

सगळे कागद जुळल्यावरही एक फोन करायचा असतो. नंबर व्हेंडरच्या ईमेलमधला घेऊ नका, करारावरचा किंवा आधी आपण स्वतः बोललेला घ्या, आणि खाते क्रमांक त्यांना वाचायला सांगा, आपण वाचून "बरोबर ना?" विचारू नका. नंतर कधी "आमचं खातं बदललंय" असा ईमेल आला, तर हाच फोन पुन्हा करा. तो होईपर्यंत जुन्या खात्यावरही पैसे पाठवू नका आणि नव्यावरही नाही.