एका डोळ्याला चाळीस टक्के कुठून आणायचे?

*"मॅडम, माझ्या मुलाचा डावा डोळा लहानपणी गेला. सिव्हिलच्या बोर्डाने ३० टक्के दिले. नोकरीच्या फॉर्मला ४० लागतात. एक जण म्हणतो, दुसऱ्या जिल्ह्यातून ४० करून देतो, थोडा खर्च येईल. मुलाच्या हाताचं एक बोटही अर्धं आहे, ते धरून होतील का? दहाच टक्क्यांसाठी पोराचं आयुष्य अडकलंय."*

असा प्रश्न घेऊन दोन-तीन वर्षांपूर्वी एक वडील माझ्यासमोर बसले होते, फरक एवढाच की त्यांच्यासोबत मुलगी होती. तिला आपण सुजाता म्हणू. वय २७, पदवीधर, तलाठी भरतीची तयारी करत होती. सातव्या वर्षी विटीदांडू खेळताना विटी डाव्या डोळ्यावर बसली. त्या डोळ्याला आता उजेडही कळत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत कागदांची चळत होती आणि सगळ्यात वर बोर्डाचं प्रमाणपत्र. त्यावरच्या ३० या आकड्याभोवती वडिलांनी पेनने गोल केला होता.

मी तो आकडा सोडून त्याच्या वरच्या ओळी वाचायला घेतल्या. उजवा डोळा, चष्म्यासह ६/९. डावा डोळा, प्रकाशाची जाणीव नाही. यात रेघेखालचा आकडा जितका मोठा, तितकी नजर अधू.

डोळ्यांची टक्केवारी डॉक्टर अंदाजाने ठरवत नाहीत. त्यासाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एक तक्ता आहे. एका बाजूला चांगल्या डोळ्याची नजर, दुसऱ्या बाजूला अधू डोळ्याची, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथला आकडा प्रमाणपत्रावर येतो. चांगला डोळा ६/६ ते ६/१८ या पट्ट्यात असेल आणि दुसरा पूर्ण गेलेला असेल, तर ३०. मग चांगला डोळा ६/६ असो की ६/१८, डावा गेलेला असो की उजवा, गाव कुठलंही असो. तुमच्या ओळखीचा माणूस म्हणतो त्या दुसऱ्या जिल्ह्यातही तक्ता हाच आहे.

आता मी सुजाताच्या वडिलांना दाखवलं ते जरा नीट बघा. चांगला डोळा आणखी खालावला, चष्मा लावूनही ६/२४ ते ६/६० इतकंच दिसू लागलं आणि दुसरा डोळा गेलेलाच असेल, तर आकडा ६० होतो. म्हणजे ३० वरून उडी थेट ६० वर. मधले ४० येतात ते दोन्ही डोळे ६/२४ ते ६/६० मध्ये असलेल्या माणसाला. एक डोळा पूर्ण गेलेल्या माणसासाठी त्या तक्त्यात ४० चं घरच नाही. त्यामुळे 'एक डोळा निकामी, दुसरा ६/९, दिव्यांगत्व ४० टक्के' असं प्रमाणपत्र कुणी बनवून आणलंच, तर ते स्वतःविरुद्धच साक्ष देतं. पडताळणी करणाऱ्याला तक्त्यावर एक नजर टाकली की पुरे.

हे ऐकून वडील गप्प झाले. मग त्यांनी पिशवीतून चष्म्याच्या दुकानातली एक चिठ्ठी काढली. तिच्यावर उजव्या डोळ्यासमोर ६/३६ लिहिलं होतं. "हे बघा, बाहेर तपासलं तर इतकं कमी आलं. बोर्डाने चुकीचं लिहिलंय." चिठ्ठी मी दिव्याखाली धरली. ६/३६ हे बिनचष्म्याचं होतं, शेजारी बारीक अक्षरात चष्म्यासह ६/९. दिव्यांगत्व मोजताना चष्म्याचा योग्य नंबर लावून जास्तीत जास्त जेवढं दिसतं तेवढंच धरतात. हा घोटाळा मी इतक्या वेळा पाहिलाय की आता चिठ्ठी हातात आली की आधी 'चष्म्यासह' शोधते. काही एजंट तर लोकांना चष्मा घरी ठेवून बोर्डासमोर जायला सांगतात. तिथे नेत्रतज्ज्ञ स्वतः नंबर काढतात, त्यामुळे उपयोग काहीच होत नाही, उलट संशय येतो.

एक गोष्ट मात्र तपासायची राहिली होती. बोलता बोलता सुजाता म्हणाली की दाराच्या चौकटीला खांदा आपटतो, गर्दीत माणसं अचानक समोर येतात. नजर म्हणजे तपासणीच्या फलकावरची अक्षरं वाचणं एवढंच नसतं, समोर बघताना आजूबाजूला किती दिसतं तेही त्यात येतं. चांगल्या डोळ्याचं हे दृष्टिक्षेत्र आकसून ४० अंशांच्या आत आलं असेल, तर अक्षरं ६/९ पर्यंत वाचता येत असली तरी टक्केवारी बदलते. मी तिला विचारलं, आपटतो तो खांदा कोणता? डावा. म्हणजे बहुधा गेलेल्या डोळ्याच्या बाजूचंच ते न दिसणं. पण तिच्या आजीला काचबिंदू होता, आणि काचबिंदू बाजूची नजर गुपचूप खात जातो. म्हणून उजव्या डोळ्याची फील्ड टेस्ट, म्हणजे दृष्टिक्षेत्राची तपासणी, करून घ्यायला सांगितलं. खरं तर टक्क्यांपेक्षा मला त्या एकुलत्या डोळ्याची काळजी होती. रिपोर्ट स्वच्छ आला. तीस ते तीसच राहिले, आणि मला बरं वाटलं. वडिलांना किती बरं वाटलं, ते मला सांगता येणार नाही.

तुमच्या मुलाच्या बोटाबद्दल. दोन वेगळी दिव्यांगत्वं असतील तर बोर्ड दोन्ही मोजतं, पण त्यांची सरळ बेरीज करत नाही. मोठा आकडा पूर्ण धरतात. लहान आकड्याला ९० वजा मोठा आकडा, याने गुणून ९० ने भागतात आणि जे येईल ते मोठ्यात मिळवतात. समजा बोर्डाने बोटाचे ५ टक्के धरले:

३० + ५ × (९० − ३०) ÷ ९० = ३३.३

पाच मिळाले, पण वाढले तीन. या हिशोबाने ३० वरून ४० ला पोचायला दुसरं दिव्यांगत्व १५ टक्क्यांचं लागतं. अर्ध्या बोटाच्या बळावर तिथवर जाता येईल, असं मला वाटत नाही. तरी बोट मोजलंच गेलं नसेल तर मोजून घ्या, कागद पूर्ण असलेला बरा.

अपील करता येतं का, हेही सुजाताच्या वडिलांनी विचारलं होतं. येतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ मध्ये तशी सोय आहे. पण 'आकडा कमी वाटतो' एवढ्यावर अपील टिकत नाही. ते टिकतं कागदातच विसंगती असेल तेव्हा. माझ्याकडे एक रिक्षावाले काका आले होते. त्यांच्या प्रमाणपत्रावर उजवा डोळा चष्म्यासह ६/३६, डाव्याला प्रकाशाची जाणीव नाही, आणि खाली टक्केवारी ३०. तक्त्याप्रमाणे तिथे ६० हवेत. त्यांनी नजरेची नोंद आणि तक्ता शेजारी-शेजारी लावून अर्ज दिला, पुन्हा तपासणी झाली आणि ६० चं प्रमाणपत्र मिळालं. तुमच्या घरी जो कागद आहे त्यावर चांगल्या डोळ्यासमोर काय लिहिलंय, ते आज संध्याकाळी बघा. ६/१८ किंवा त्याहून चांगलं असेल तर अपिलाचा नाद सोडा. ६/२४ किंवा त्याहून वाईट असेल तर लगेच माझ्याकडे या.

चाळीसची रेघ आली कुठून? कायद्यात दिव्यांग व्यक्ती आणि लक्षणीय दिव्यांगत्व असलेली व्यक्ती अशा दोन वेगळ्या व्याख्या आहेत. दुसरीसाठी साधारणपणे किमान ४० टक्के लागतात, आणि सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांमधलं ५ टक्के आरक्षण त्या दुसऱ्या गटासाठीच आहे. आयकरातली दिव्यांगांची वजावटही ४० पासून सुरू होते. ८० ला आणखी एक रेघ आहे. केंद्राचं दिव्यांग निवृत्तिवेतन दारिद्र्यरेषेखालच्या आणि ८० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांनाच मिळतं. एसटीच्या सवलतीत ६५ ची रेघ आहे, तिच्यावर गेलं की सोबत्यालाही सवलत. रेल्वे तर बऱ्याच ठिकाणी टक्के बघतच नाही, दिव्यांगत्वाचा प्रकार बघते. म्हणून 'टक्के वाढले की सगळं मिळतं' हे खरं नाही. आरक्षणात तर ४० पार झाल्यावर ४५ आणि ७५ वाले एकाच रांगेत उभे असतात, तिथे निकाल गुणांवर लागतो.

तीसवाला मात्र पहिल्या व्याख्येत बसतो, आणि हे लोक विसरतात. त्याचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं राष्ट्रीय ओळखपत्र, निघतं. सरकारी आस्थापनेत केवळ दिव्यांगत्वामुळे त्याच्याशी भेदभाव करता येत नाही. परीक्षेत लिहायला खरोखर अडचण असेल तर लेखनिक किंवा जादा वेळ मागता येतो. बोटं आखडण्याच्या आजाराच्या, ६ टक्के दिव्यांगत्व नोंदलेल्या एका उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं, आणि त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ ला केंद्राने ४० च्या खालच्यांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. त्यासाठी लिहिण्यातल्या अडचणीचं वेगळं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. सुजाताने ते मागून पाहिलं. तिला लिहिता-वाचता नीट येत होतं, म्हणून मिळालं नाही. ते योग्यच होतं.

राहिला प्रश्न तुमच्या त्या माणसाचा. सुजाताच्या वडिलांकडे त्याच्यासारख्याने पंचवीस हजार मागितले होते, पैकी दहा आगाऊ. त्याच कायद्याच्या कलम ९१ प्रमाणे दिव्यांगांसाठीचा लाभ फसवून घेतला किंवा घ्यायचा प्रयत्न केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रमाणपत्रावर नाव मुलाचं असेल, फॉर्मवर सही मुलाची असेल. एजंटाचं नाव कुठेच नसेल.

भरतीच्या फॉर्ममध्ये '४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व आहे का' या रकान्यात सुजाताने आधीच्या दोन्ही वेळी 'होय' केलं होतं. त्या दोन्ही परीक्षांत ती गुणांवरच राहिली, म्हणून कागद तपासायची वेळ आली नाही. निवड झाली असती तर कागदपत्र पडताळणीत ती निवड गेली असती. पुढचा फॉर्म तिने माझ्यासमोर बसून भरला. 'नाही'वर टिचकी मारताना वडील खिडकीबाहेर बघत होते.

एजंटासाठी बाजूला काढलेल्या पैशांतून त्यांनी तिला पॉलिकार्बोनेटच्या काचांचा चष्मा करून दिला, जो सहज फुटत नाही. मी सुचवलं होतं. एकच डोळा असलेल्या माणसाने तो नंबर नसला तरी वापरावा, असं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. तुमचा मुलगा दुचाकी चालवत असेल तर त्यालाही घ्या.